फिल्म ग्रेन आणि विन्येट (डिजिटल चित्रफीत)

डिजिटल कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रफितीचा अतिस्वच्छ, प्लास्टिकसारखा गुळगुळीतपणा कमी करण्यासाठी संपादनाच्या शेवटी तिच्यात बारीक, सतत बदलणारा रवाळपणा (फिल्म ग्रेन) मिसळण्याची आणि चौकटीच्या कडा किंचित गडद करण्याची (विन्येट) पद्धत आहे. दोन्ही परिणाम मुळात फिल्मवरच्या चित्रीकरणाचे आपोआप घडणारे दोष होते. डिजिटलमध्ये ते मोजूनमापून द्यावे लागतात.

फिल्मवर प्रतिमा सिल्व्हर हॅलाइडच्या स्फटिकांतून उमटते. हे स्फटिक आकाराने असमान असतात आणि कसेही विखुरलेले असतात. शिवाय प्रत्येक फ्रेम हा फिल्मचा वेगळा तुकडा असल्याने रव्यांची मांडणी सेकंदाला 24 वेळा बदलते. सेन्सरवरचे पिक्सेल मात्र जागचे हलत नाहीत, आणि कॅमेऱ्यातील नॉइज रिडक्शन उरलासुरला रवाही पुसून टाकते. त्यामुळे त्वचा मेणासारखी दिसू लागते. कडांचा अंधार हा भिंगाचा गुणधर्म आहे. मध्यापासून दूर, तिरप्या कोनात पडणारा प्रकाश साधारणपणे त्या कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताप्रमाणे मंदावतो.

प्रकाश आधी भिंगातून जातो आणि मग फिल्मवर पडतो, म्हणून संपादनातही आधी विन्येट आणि मग ग्रेन हाच क्रम बरोबर ठरतो. याला तांत्रिक कारणही आहे. 8 बिट चित्रफितीत प्रत्येक रंगघटकाला जास्तीत जास्त 256 पायऱ्या मिळतात. सपाट भिंतीवर किंवा संध्याकाळच्या आकाशावर विन्येटची सावकाश उतरण आली की या पायऱ्या पट्ट्यांच्या रूपाने उघड्या पडतात. नंतर घातलेला ग्रेन शेजारच्या पिक्सेलांची मूल्ये थोडी वरखाली करतो, पट्ट्यांच्या कडा मोडतात आणि डोळ्याला पुन्हा सलग उतरण दिसते. क्रम उलटा केला तर कोपऱ्यांतला ग्रेनही विन्येटबरोबर दबतो आणि पट्टे मोडण्याचे काम नेमके जिथे हवे तिथेच कमी पडते. रंगसंस्कार आणि आकारबदलही ग्रेनपूर्वीच उरकावेत, कारण कॉन्ट्रास्ट वाढवला की रवा खरखरीत होतो आणि चित्र लहान केले की तो विरून जातो.

साध्या भिंतीसमोर बसून बोलणाऱ्या व्यक्तीची 1080p मुलाखत हे उदाहरण घेऊ. एफएफएमपेग या मुक्त साधनात एवढी आज्ञा पुरते:

```
ffmpeg -i in.mp4 -vf "vignette=PI/10,noise=c0s=6:c0f=t" \
  -c:v libx264 -crf 18 -tune grain -c:a copy out.mp4
```

येथील विन्येट फिल्टर वर सांगितलेलाच चौथ्या घाताचा नियम वापरतो. त्याचा मूळ कोन `PI/5` तसाच ठेवला, तर अगदी कोपऱ्यातील मूल्य मध्याच्या तुलनेत सुमारे 43 टक्क्यांवर येते; मुलाखतीसाठी हे फारच गडद आहे. `PI/10` घेतल्यास ते सुमारे 82 टक्के राहते. विन्येट चालू-बंद करून पाहिल्यावरच फरक जाणवावा. पहिल्या नजरेत कोपऱ्यांकडे लक्ष गेले, तर तो जास्त झाला आहे. `c0s=6` हा ग्रेन फक्त उजळपणावर चढवतो, रंगांवर नाही. रंगीत ठिपके आले की चित्र फिल्मसारखे न दिसता अपुऱ्या उजेडात काढलेल्या मोबाइल चित्रीकरणासारखे दिसते. `:c0f=t` हा भाग विसरला तर प्रत्येक फ्रेमवर तोच ग्रेन राहतो आणि व्यक्ती हलली की ती धुळकट काचेमागे बसल्याचा भास होतो. खात्री करायची तर चित्रफीत थांबवून एकेक फ्रेम पुढे सरकवावी.

या फिल्टरची मर्यादाही आहे. तो काळ्या आणि पांढऱ्या भागांवर सारख्याच जोराने चालतो, तर फिल्मवरून पडद्यावर आलेल्या चित्रात ग्रेन मुख्यतः मधल्या छटांत दिसतो. शिवाय त्याचा रवा नेमका एका पिक्सेलचा असतो, फिल्मचा रवा मात्र गुच्छागुच्छाने येतो. म्हणून अनेक संपादक करड्या फिल्मचे खरे स्कॅन चित्रावर ओव्हरले पद्धतीने मिसळतात. त्यात मध्यम करडा भाग चित्र बदलत नाही आणि गडद व उजळ टोकांवर परिणाम आपोआप मंदावतो. रवा अधिक खरा वाटतो तो याच मार्गाने.

खरी अडचण कॉम्प्रेशनमध्ये येते. चित्रफीत दाबून लहान करणारी प्रणाली म्हणजे कोडेक मागच्या फ्रेमवरून पुढच्या फ्रेमचा अंदाज बांधतो, पण ग्रेनचा अंदाज बांधता येत नाही. त्यामुळे फाइल फुगते, किंवा बिटरेट अपुरा असेल तर ग्रेन पुसला जाऊन भिंतीवर चौकोनी डाग सरकताना दिसतात. `-tune grain` बारीक तपशील टाकून देण्याची कोडेकची वृत्ती कमी करते, पण त्याची किंमत फाइलच्या आकारात मोजावी लागते. एव्ही1 कोडेकने वेगळा मार्ग काढला आहे. त्यात ग्रेन आधी वेगळा काढता येतो, फाइलसोबत फक्त त्याचे वर्णन पाठवले जाते आणि पाहणाऱ्याच्या उपकरणात तो नव्याने तयार होतो. मात्र चित्रफीत एखाद्या ऑनलाइन मंचावर चढवल्यावर तिथे पुन्हा कॉम्प्रेशन होते, म्हणून ग्रेनचे प्रमाण मूळ फाइलवर नव्हे, तर मंचावर दिसणाऱ्या प्रतीवर पारखावे लागते.