मित्राला ‘नाही’ म्हणताना कारण काय द्यावं?

जून संपत आला की हिशेबाच्या कामात असलेल्या माणसाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक ठरलेला मेसेज येतो. ‘अरे, माझं रिटर्न तेवढं भरून टाक ना. तुला काय, दहा मिनिटांचं काम!’ समजा, तो माणूस तुम्ही आहात आणि मेसेज पाठवणारा तुमचा कॉलेजपासूनचा दोस्त. पहिल्या वर्षी काम खरंच लहान होतं. फॉर्म १६ आला, आकडे जुळले, त्याने ओटीपी सांगितला, झालं. पुढच्या वर्षी त्याने शेअरची खरेदी-विक्री सुरू केली, आयटीआर-१ जाऊन आयटीआर-२ आला आणि ब्रोकरचं स्टेटमेंट पोर्टलवरच्या माहितीशी जुळवण्यात अख्खा रविवार गेला. त्याच्या पुढच्या वर्षी सोबत मेहुण्याचंही रिटर्न आलं. मग कर खात्याची नोटीस आली आणि तिचं उत्तरही अर्थात तुम्हीच लिहिलंत.

आता तुम्हाला हे काम नको आहे, दोस्त मात्र हवा आहे. नकार आणि मैत्री यांचं गणित तपासणारं बरंच संशोधन सामाजिक मानसशास्त्रात झालं आहे. आपण सहजपणे जे करतो ते बहुतेक वेळा उलट्या दिशेचं असतं, असं त्यातून दिसतं.

सुरुवात मागणाऱ्यापासून करू. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक या संशोधकांनी २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी अनोळखी लोकांना गाठून एक प्रश्नावली भरून घ्यायची होती. पाच होकार मिळवायला किती जणांना विचारावं लागेल, हे त्यांनी आधी सांगायचं होतं. त्यांचा अंदाज सरासरी वीसच्या आसपास होता. प्रत्यक्षात दहा-अकरा जणांतच काम झालं. म्हणजे लोक किती सहज होकार देतात, हे मागणाऱ्याला कळत नाही. कारण समोरच्याला तोंडावर ‘नाही’ म्हणणं किती जड जातं, याचा विचार त्याच्या मनात येतच नाही. त्याला फक्त स्वतःचं काम दिसत असतं.

तुमच्या दोस्ताचंही तसंच आहे. तो तुमचा गैरफायदा घेतोय असं तुम्हाला वाटतं. त्याला वाटतं, याला नको असतं तर याने सांगितलं असतं. गंमत अशी की त्याच्या जागी आपण असतो तेव्हा आपणही असाच विचार करतो. दोघांच्या मधली ही फट भिडेपोटी बोललेल्या प्रत्येक ‘हो’ने रुंदावत जाते.

या फटीला दुसरी बाजूही आहे. फ्लिन आणि लेक (पुढे व्हेनेसा बोन्स) यांनी डॅनियल न्यूअर्कसोबत २०१४ साली दाखवलं की, ज्याने एक विनंती नाकारली तो दुसरीही नाकारेल असं मागणारे धरून चालतात. प्रत्यक्षात पहिल्यांदा नकार दिलेली माणसं दुसऱ्या वेळी मागणाऱ्याच्या अपेक्षेपेक्षा जास्त वेळा होकार देतात. पहिल्या नकाराची टोचणी असते ना! हे प्रयोग अनोळखी लोकांवरचे आहेत, पण मित्रांत ही टोचणी कमी असण्याचं काही कारण दिसत नाही. रिटर्नला नाही म्हणालात आणि आठवड्याने दोस्ताने ‘बरं, निदान नोटिशीचं उत्तर तरी’ म्हटलं, की तुम्ही सगळ्यात कच्चे असता. हा क्षण आधीच ओळखून ठेवलेला बरा.

मग ‘नाही’ म्हणायचं कसं? दोन वाटा आपल्याला पटकन सुचतात आणि दोन्ही निसरड्या आहेत.

पहिली वाट हिशेब मांडण्याची. ‘मी तुझं तीन वर्षं केलं, तू माझं काय केलंस?’ मार्गारेट क्लार्क यांचा १९८४ सालचा एक साधासा प्रयोग इथे आठवतो. दोघांनी मिळून आकड्यांच्या मोठ्या तक्त्यातून ठरावीक क्रम शोधायचे आणि त्यांभोवती पेनाने खुणा करायच्या. बक्षीस दोघांना मिळून एकच आणि ते आपापसात वाटून घ्यायचं. पहिल्याने एका रंगाच्या पेनाने काम केलेलं असे. दुसरा आत आला की त्याच्यासमोर दोन रंगांची पेनं असत. अनोळखी माणसं बहुतेक वेळा वेगळा रंग उचलत, म्हणजे कोणी किती शोधले ते मोजता यावं. मित्र तसं करत नसत. क्लार्क यांचं म्हणणं असं की मैत्रीत देणं-घेणं गरजेवर चालतं, वहीवर नाही. त्यामुळे ‘तीन वर्षं’ हा आकडा तोंडातून निघाला की दोस्ताला काम नाकारल्याचं फारसं वाटत नाही. इतके दिवस तुम्ही वेगळ्या रंगाचं पेन वापरत होता, हे त्याला लागतं. ‘बाहेर याचे दोन हजार घेतात’ या वाक्याचाही तोच परिणाम होतो.

दुसरी वाट वेळेची. ‘यार, अजिबात वेळ नाही रे.’ आपण हे सगळ्यात सौम्य कारण समजतो. ग्रँट डॉनेली आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चित्र वेगळं दिसतं. वेळ नाही असं सांगून नकार दिला, तर पैसे नाहीत असं सांगून दिलेल्या नकारापेक्षा समोरच्याला जास्त दुरावा वाटतो आणि विश्वासही कमी होतो. कारण सरळ आहे. पैसे नसणं माणसाच्या हातात नसतं असं आपण मानतो. वेळ मात्र प्रत्येकाकडे चोवीस तास असतो. ‘वेळ नाही’ म्हणजे ‘तुझ्यासाठी काढणार नाही’ असं ऐकू जातं, विशेषतः काल रात्रीचं तुमचं मॅचवरचं स्टेटस त्याने पाहिलेलं असेल तर. मला या कारणात आणखी एक खोट दिसते, ती म्हणजे त्यावर तोडगा सुचवता येतो. ‘मग पुढच्या रविवारी कर, घाई नाही.’ शेवटची तारीख एकतीस जुलै असेल, तर त्याच्या हातात अजून चार रविवार आहेत. प्रत्येक रविवारी तुम्हाला नवं कारण शोधावं लागेल.

आजारपणाची थाप मारून निभावेल का? बर्नार्ड वायनर आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवलं होतं की, आपल्या ताब्यात नसलेलं कारण दिलं तर समोरच्याचा राग कमी होतो, मग ते कारण खरं असो वा नसो. एका वेळेपुरतं हे चालून जातं. पण विनंती दर वर्षी येणार असेल तर थाप दर वर्षी लागेल, आणि तापाला दर जुलैत येण्याची सवय नसते.

सगळ्यात महाग पडते ती चालढकल. दोन वेळा ‘बघतो’, एकदा ‘अरे राहिलंच’ आणि तिसऱ्या आठवड्यात वैतागून ‘बरं, पाठव पासवर्ड’. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ साली कबुतरांवरचे जे प्रयोग मांडले, त्यांत चोच मारल्यावर दर वेळी दाणा मिळणाऱ्या पक्ष्यापेक्षा मधूनच, अनियमितपणे दाणा मिळणारा पक्षी दाणे बंद झाल्यावरही कितीतरी जास्त वेळ टोचत राहतो. दोस्ताला कबुतर म्हणणं बरोबर नाही, पण शिकण्याचा हा नियम माणसांतही दिसतो. चौथ्यांदा विचारल्यावर होकार मिळाला, की पुढच्या वर्षी पहिले तीन नकार त्याला नकार वाटतच नाहीत. चिकाटीने काम होतं हे तुम्हीच त्याला शिकवलेलं असतं.

शिवाय कुरकुरत दिलेला होकार लपत नाही. संभाषणात प्रश्न आणि उत्तर यांच्यात सहसा एक पंचमांश सेकंदाचं अंतर असतं. हे दहा भाषांच्या तुलनेतून २००९ साली दिसलं. विनंतीनंतरचा ‘हो’ जितका उशिरा येतो तितकी ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याची इच्छा कमी वाटते, असंही पुढच्या प्रयोगांत आढळलं. म्हणजे फोनवर तुम्ही क्षणभर थांबून ‘हं… ठीक आहे’ म्हणालात, तर काम तर तुमच्या गळ्यात पडतंच, वर मनापासून केल्याचं श्रेयही मिळत नाही.

आता प्रत्यक्ष वाक्य. ते जुलैत, विनंती आल्यावर बोलू नये. मार्च-एप्रिलमध्ये दोघं चहाला बसलेले असताना, काहीच मागितलेलं नसताना बोलावं. तेव्हा नकार त्याच्या तोंडावर दार लावल्यासारखा होत नाही आणि दुसरी सोय करायला त्याला वेळही मिळतो. ‘ऐक ना, मी ठरवलंय, ओळखीतल्या कोणाचंच रिटर्न आता भरत नाही. तुझी ती नोटीस आली तेव्हा मला दोन रात्री झोप नव्हती. चूक माझी निघाली असती तर दंड तुला बसला असता आणि तोंड मला लपवावं लागलं असतं.’

यात वेळेचा उल्लेख नाही, हिशेब नाही आणि कारण खरं आहे. नियम सगळ्यांना सारखा आहे, त्यामुळे ‘मलाच का’ हा प्रश्न उरत नाही. अर्थात तो खरोखर सगळ्यांना लावावा लागतो. आणखी एखाद्या मित्राचं गुपचूप भरून दिलंत तर ते कळतंच, आणि मग सगळंच मुसळ केरात.

पुढे जे देणं झेपेल तेवढं द्यावं, पण त्याला कड असावी. ‘एक संध्याकाळ ये, पोर्टलवर कुठे काय बघायचं ते दाखवतो. बटणं तू दाबायची.’ किंवा पैसे घेऊन हे काम करणाऱ्या माणसाचा नंबर द्यावा. हे नुसतं समजूत घालणं नाही. त्याची गरज तुम्ही पाहिलीत, हे त्यातून त्याला दिसतं. ‘काही लागलं तर सांग’ हे मात्र म्हणू नये. त्याला ते लागणारच आहे.

जुलैत मेसेज येईलच. कदाचित आधीपेक्षा जास्त येतील, सोबत ‘आता मोठा माणूस झालास’ असा टोमणाही असेल. आजवर मिळत आलेलं मिळेनासं झालं की सुरुवातीला मागणी वाढते, हेही प्रयोगशाळेत वारंवार दिसलेलं आहे. त्यावरून मैत्री तुटली असं समजू नये. उत्तर छोटं आणि लगेच द्यावं, त्याच शब्दांत: ‘एप्रिलमध्ये बोललो होतो ना. ये, दाखवतो.’ नवं कारण जोडलं की नवी वाटाघाट सुरू होते.

नकाराची धास्ती आपण वाढवून घेतो, याचा एक पुरावा ज्युलियन गिव्ही आणि कॉलीन कर्क यांच्या अलीकडच्या अभ्यासात आहे. आमंत्रण नाकारणाऱ्याला समोरचा जितका दुखावेल असं वाटत होतं, तितका तो दुखावला नव्हता. अर्थात जेवायचं आमंत्रण आणि रिटर्न भरणं एक नव्हे, आणि मित्र तुमचा साहेबही असेल तर यातलं बरंच लागू पडत नाही.

एक अपवाद आधीच ठरवून ठेवावा लागतो. एकोणतीस जुलैला दोस्ताचे बाबा आयसीयूत असतील, तर त्याचं रिटर्न तुम्ही भरायचं. मैत्री गरजेवर चालते ती अशाच वेळी. त्याने नियम मोडत नाही, कारण होकार चिकाटीमुळे मिळालेला नसतो. फक्त ते त्याला त्याच वेळी ऐकू गेलं पाहिजे: ‘काकांचं बघ तू, हे या वर्षी मी करतो. पुढच्या वर्षी परत तू.’