हाफ हार्ड पितळी पट्टी मागवताना: शेवटचं ॲनिलिंग कुठल्या जाडीला झालं?

आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेक एकाच प्रकारच्या असतात. पट्टी जाडीला अचूक आहे, पृष्ठभाग स्वच्छ आहे, पण वाकवली की कोपऱ्यावर तडा जातो. चौकशी केली की कळतं, माल तुमचा होता आणि आम्हाला फक्त शेवटची जाडी सांगितली होती.

एक उदाहरण घेऊ. एका ग्राहकाने 70/30 पितळेची 1.6 मिमीची मऊ पट्टी पाठवली आणि "1 मिमी करून द्या, हाफ हार्ड" असं लिहिलं. या दोन गोष्टी एकत्र जमत नाहीत. 1.6 वरून थेट 1.0 वर आणलं की जाडी 37.5 टक्के घटते, आणि एवढ्या घटीला पितळ फुल हार्ड होतं. हाफ हार्डसाठी घट साधारण 21 टक्के लागते. फरक किरकोळ नाही: हाफ हार्ड पट्टी तुटण्याआधी साधारण 25 टक्के ताणली जाते, फुल हार्ड जेमतेम 8 टक्के. मग कोपऱ्यात तडा जाणारच.

योग्य मार्ग असा. शेवटच्या 21 टक्क्यांचा हिशोब उलटा करायचा. 1.0 मिमीला 0.79 ने भागलं की साधारण 1.27 मिमी येतात. म्हणजे पट्टी 1.27 मिमीवर आणायची, तिथे ॲनिलिंग करून पूर्ण मऊ करायची आणि मग 1.0 पर्यंत थंड रोलिंग करायचं. भट्टीत धातूच्या आत नवे, ताणरहित कण तयार होतात आणि आधी आलेला कडकपणा पुसला जातो. म्हणून टेम्पर ठरवते ती शेवटच्या ॲनिलिंगनंतरची घट, सुरुवातीपासूनची एकूण घट नव्हे. घटीचे टक्के थेट बेरजेने जुळत नाहीत, हेही लक्षात ठेवा: 20 टक्क्यांचे दोन पास म्हणजे 40 नव्हे, 36 टक्के.

आता त्या 1.6 मिमीच्या पट्टीवर आधीच रोलिंग झालेलं असेल तर? समजा ती 2.0 मिमीला मऊ होती आणि तिथून 1.6 ला आणली. मग 1.0 पर्यंत एकूण घट 50 टक्के झाली. तुमच्या कागदावर "मऊ" लिहिलं आहे, तिचा इतिहास आम्हाला दिसत नाही. म्हणून आम्ही आता बाहेरच्या प्रत्येक कॉईलचा तुकडा कापून कडकपणा तपासतो, मगच रोलिंग सुरू करतो. यात अर्धा दिवस जातो, पण सगळा माल वाया जाण्यापेक्षा तो बरा.

"पास हळू द्या, म्हणजे कडक होणार नाही" असंही सांगितलं जातं. थंड रोलिंगमध्ये वेगाचा परिणाम फारच थोडा असतो. पितळ किती दबलं यावर कडकपणा ठरतो, किती वेगाने दबलं यावर जवळपास नाही. गरम रोलिंगमध्ये मात्र वेग खरोखर महत्त्वाचा असतो. वेग दुप्पट केला तर धातूचा विरोध दहा टक्क्यांच्या आसपास वाढू शकतो, कारण कणांना स्वतःला सावरायला वेळच मिळत नाही. (गरम-थंड हे हाताला लागणाऱ्या उबेवर ठरत नाही, पुनर्स्फटिकीकरणाच्या तापमानावर ठरतं. शिसं खोलीतल्या तापमानाला वाकवलं तरी ते गरम कामच.)

मग 1 मिमी पट्टी गरमच का रोल करत नाही? एवढी पातळ पट्टी रोलरला टेकताच उष्णता गमावते, शिवाय पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर येतो आणि जाडी सारखी राहत नाही. जाड लाद गरम रोल करायची आणि शेवटचं काम थंडच, हे त्यासाठीच.

एका गोष्टीची विशेष काळजी घ्या. पट्टी अंतिम जाडीच्या अगदी जवळ आणून, मग चार-पाच टक्क्यांचा पास देऊन ॲनिलिंग मागू नका. इतक्या कमी घटीनंतर थोडेच नवे कण जन्मतात आणि ते मोठे होतात. मग खोल ड्रॉइंग केलं की पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो आणि पॉलिश करूनही तो सहज झाकला जात नाही. आमच्या स्वतःच्या कॉईलमध्ये आम्ही 2.5 वरून 1.27 पर्यंत, म्हणजे जवळपास निम्मी घट देऊन मगच मधलं ॲनिलिंग करतो. त्यामुळे कण बारीक राहतात. भट्टी, ॲसिड धुणं आणि वाळवणं यांचा खर्च आम्ही वेगळा दाखवतो तो त्यामुळेच, आणि तो टाळायचा म्हणून मधली भट्टी गाळून पट्टी हाफ हार्ड होत नाही.

ऑर्डर देताना चार गोष्टी कळवा: अंतिम जाडी, हवा असलेला टेम्पर, तुमच्या मालाचं शेवटचं ॲनिलिंग कुठल्या जाडीला झालं, आणि वाकवण्याची रेषा रोलिंगच्या दिशेला आडवी आहे की समांतर. समांतर असेल तर तडा लवकर जातो, आणि मग आम्ही टेम्पर थोडा मऊ सुचवू. इतिहास माहीत नसेल तर तसं लिहा. आम्ही तुकडा तपासून, आधी ॲनिलिंग लागेल का ते सांगूनच काम हाती घेऊ.