कॉफी हराम की हलाल? कियास आणि इज्मा यांची 16 व्या शतकातली कसोटी

1511 साली मक्केत कॉफीवर खटला भरला. तो माणसांवर नव्हता, पेयावरच होता. कैरोच्या मामलुक सुलतानाच्या वतीने बाजार आणि सार्वजनिक शिस्त पाहणारा मुहतसिब खैर बेग याने शहरातले काझी, उलेमा आणि वैद्य बोलावले, त्यांच्यापुढे कॉफीचं भांडं ठेवलं आणि विचारलं: हे शरीअतला मान्य आहे का? कुराणात कॉफीचा उल्लेख नाही. पैगंबरांच्या वचनांत, म्हणजे हदीसमध्येही नाही, कारण पैगंबरांच्या काळात अरबस्तानात हे पेय कुणाला माहीतच नव्हतं. 15 व्या शतकात येमेनमधल्या सूफींनी रात्रीच्या जिक्रसाठी, म्हणजे ईश्वराच्या नामस्मरणासाठी, जागं राहायला ते प्यायला सुरुवात केली आणि तिथून ते मक्केला आणि कैरोला पोचलं.

ग्रंथ गप्प असेल तेव्हा काय करायचं, याची पद्धत तोवर सात-आठशे वर्षं जुनी झाली होती. तिचं मूळ सांगताना एक हदीस नेहमी दिली जाते. येमेनला निघालेल्या मुआज इब्न जबल यांना पैगंबरांनी विचारलं, निवाडा कशाने करशील? अल्लाहच्या ग्रंथाने, तिथे नसेल तर पैगंबरांच्या सुन्नतने, म्हणजे त्यांनी घालून दिलेल्या वाटेने, तिथेही नसेल तर स्वतःच्या बुद्धीचा कस लावून, असं मुआज म्हणाले. या हदीसची सनद, म्हणजे ती सांगणाऱ्यांची साखळी, कमकुवत असल्याचं हदीसच्या काही जाणकारांनी नोंदवलं आहे, तरी फिक्हच्या, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राच्या, परंपरेने तिचा आशय उचलून धरला. पुढे इमाम शाफी (मृत्यू 820) यांनी ‘रिसाला’ या ग्रंथात या ‘बुद्धीच्या कसा’ला लगाम घातला. कुराण, सुन्नत, इज्मा म्हणजे एकमत, आणि शेवटी कियास, म्हणजे जुन्या निर्णयावरून नव्याचा निर्णय काढणं, हा क्रम त्यांच्यामुळे पक्का झाला. (कोकणी मुसलमान आजही याच इमामांच्या मार्गाने चालतात, भारतातले बहुतेक सुन्नी मात्र हनफी आहेत.) मला वाटलं म्हणून हराम, असं कुणाला म्हणता येऊ नये, यासाठी शाफींचा सगळा आटापिटा होता. नव्या गोष्टीवरचा निर्णय ग्रंथातल्या एखाद्या ठोस निर्णयाला बांधलेला असलाच पाहिजे, हा त्यांचा आग्रह.

त्या बांधणीला चार गोष्टी लागतात. ग्रंथात निर्णय आलेला आहे ते मूळ प्रकरण, ज्याचा निर्णय हवा आहे ते नवं प्रकरण, मूळ प्रकरणाचा हुकूम, आणि त्या हुकुमामागचं कारण, म्हणजे इल्लत. मूळ प्रकरणातली इल्लत नव्या प्रकरणात सापडली तरच हुकूम तिकडे नेता येतो. दोन गोष्टी वरवर सारख्या दिसतात एवढं पुरत नाही, आणि बहुतेक कियास फसतात ते इथेच.

इल्लत कशी हवी, याबद्दल शास्त्रकार फार काटेकोर आहेत. ती बाहेरून दिसणारी, ठरावीक आणि माणसागणिक न बदलणारी असावी. प्रवासात नमाज कमी करण्याची सवलत आहे. तिचा हेतू त्रास वाचवणं हा असला, तरी इल्लत म्हणून धरला जातो तो प्रवास. त्यामुळे आरामात पालखीतून जाणाऱ्यालाही सवलत मिळते आणि गावातच दिवसभर ओझी वाहणाऱ्या हमालाला मिळत नाही. हे कठोर वाटतं, पण त्रास मोजता येत नाही आणि प्रवास मोजता येतो. कारण मोजता येत नसेल तर निर्णय माणसाच्या मर्जीवर जातो.

आता मक्केतली सभा पाहू. मूळ प्रकरण उघड होतं: मद्य. कुराणातल्या सूरह माइदाच्या 90 आणि 91 व्या आयतींत ते निषिद्ध आहे. त्याची इल्लत म्हणजे नशा, बुद्धी झाकोळणं. खैर बेगने जे पाहिलं होतं ते मद्यपानासारखंच दिसत होतं. रात्रीची वेळ, घोळक्यात बसलेली माणसं, हातोहात फिरणारा पेला. परंतु फिरणारा पेला म्हणजे इल्लत नव्हे. सभेतल्या उलेमांनाही हे ठाऊक होतं. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या: असे घोळके वाईट, यावर मतभेद नाही. पण खुद्द पदार्थाचं पाहिलं, तर निषेध सिद्ध होईपर्यंत वस्तू मुबाह, म्हणजे मोकळी, हेच मूळ तत्त्व लागू होतं. निषेध सिद्ध करायचा तर पुरावा हवा, आणि तो वैद्यांकडून घेतला गेला. दोन इराणी वैद्य-बंधूंनी कॉफी थंड आणि कोरड्या प्रकृतीची, म्हणून शरीराला अपायकारक आहे, अशी साक्ष दिली. प्यायल्यावर आपलं भान बदललं, असं सांगणारे साक्षीदारही पुढे आले. सभेने कॉफी हराम ठरवली, लेखी निवेदन सह्यांसह कैरोला गेलं आणि मक्केत बंदी आली.

कैरोहून आलेल्या फर्मानात घोळक्यांना मनाई होती, पण पेयावर सरसकट बंदी नव्हती. पुढच्याच वर्षी खैर बेगच्या जागी दुसरा अधिकारी आला.

प्रश्न मात्र तसाच राहिला आणि कैरोत तो पुन्हा पेटला. 1534 च्या सुमारास एका कडव्या वाइजाच्या प्रवचनांनंतर जमावाने तिथल्या कॉफीखान्यांवर हल्ले केले. तेव्हा काझी मुहम्मद इब्न इल्यास अल-हनफी यांनी जे केलं, तो या साऱ्या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. त्यांनी उलेमांचा सल्ला घेतला, मग आपल्या घरी कॉफी करवून माणसांना पाजली आणि दिवसाचा बराच वेळ त्यांच्याशी बोलत बसून राहिले. बोलणं बरळतं का, भान सुटतं का, हे पाहायला. तसं काहीच झालं नाही. झोप उडते आणि तरतरी येते, पण बुद्धी झाकोळत नाही. नशा नाही म्हणजे इल्लत नाही, आणि इल्लत नाही तर मद्याचा हुकूम कॉफीला लावता येत नाही. त्यांनी कॉफी वैध ठरवली.

मग मक्केतल्या सभेचं एकमत कुठे गेलं? ते इज्मा नव्हतंच. ‘माझी उम्मत चुकीवर एकत्र येणार नाही’ या हदीसवर इज्माचा अधिकार उभा आहे, आणि बहुतेक शास्त्रकारांच्या मते त्यासाठी त्या काळातल्या सर्व मुज्तहिदांचं, म्हणजे ग्रंथांतून स्वतः निर्णय काढण्याची पात्रता असलेल्या विद्वानांचं, एकमत लागतं. एका शहरातल्या, एका अधिकाऱ्याने बोलावलेल्या विद्वानांच्या सह्या त्याला पुरत नाहीत. शिवाय खुद्द मक्केच्या मुफ्तींनी या निर्णयाला विरोध केल्याचं तेव्हाच्या वृत्तान्तात आहे. इज्मा झाला असं म्हणणं किती धोक्याचं, हे इमाम अहमद इब्न हंबल जाणून होते. एकमत झाल्याचा दावा करणारा खोटं बोलतो, कदाचित लोकांत मतभेद असेल आणि त्याला कळलं नसेल, असं त्यांचं वचन सांगितलं जातं.

कियासलाही सगळ्यांची मान्यता नव्हती. अंदालुसियातले इब्न हज्म (मृत्यू 1064) आणि त्यांचा जाहिरी पंथ कियास साफ नाकारत: अल्लाहने जे निषिद्ध केलं नाही, त्याचं कारण शोधून ते निषिद्ध करणारे तुम्ही कोण? शिया परंपरेतही कियासला स्थान नाही, तिथे अक्ल, म्हणजे बुद्धी, वेगळ्या रीतीने वापरली जाते.

कॉफीवरचं एकमत पुढे हळूहळू जमलं. उस्मानी राज्यात बिया भाजून कोळसा होतात म्हणून त्या खाण्यायोग्य नाहीत, असा आणखी एक युक्तिवाद पुढे आला. 16 व्या शतकाच्या अखेरीस शैखुल-इस्लाम, म्हणजे राज्याचे सर्वोच्च मुफ्ती, बोस्तानझादे मेहमेद यांनी कॉफीच्या बाजूने फतवा दिला. विरोधाचे आवाज विरत गेले आणि वैधतेबद्दल वाद उरला नाही.

तंबाखूचं तसं झालं नाही. 17 व्या शतकात तीही याच चौकटीत तपासली गेली आणि नशा नसल्यामुळे मद्याशी जोडणारा कियास तिथेही लंगडा पडला. दमास्कसचे अब्दुल गनी नाब्लुसी (मृत्यू 1731) यांनी तिच्या वैधतेच्या बाजूने लिहिलं. 20 व्या शतकात कर्करोगाचे वैद्यकीय पुरावे आल्यावर अनेक मुफ्तींनी ती अपायाच्या आधारावर हराम ठरवली, कियासची गरजच न ठेवता. काही आजही तिला फक्त मकरूह, म्हणजे नापसंत पण निषिद्ध नव्हे, असं मानतात.