चार्ज आहे, पण लोड घेत नाही: 80 टक्क्यांच्या रेषेची पार्श्वभूमी

इलेक्ट्रिक स्कूटरच्या वॉरंटीत वाद बहुतेक वेळा एकाच जागी अडतो. मालक म्हणतो, गाडी चढावर बंद पडते. सर्व्हिस सेंटर बॅटरी तपासून सांगते, क्षमता 85 टक्के आहे, 80 टक्क्यांच्या रेषेच्या वर, दावा बसत नाही. दोघेही खरे बोलत असतात. बॅटरी म्हातारी होते ती दोन अंगांनी. एक म्हणजे तिच्यात मावणारी ऊर्जा कमी होते. दुसरे म्हणजे आहे ती ऊर्जा झटक्यात देण्याची ताकद कमी होते. वॉरंटीच्या कागदावर मात्र पहिलेच अंग येते. हे कसे झाले, ते समजायला थोडे मागे जावे लागते.

वेगाने उपसले तर बॅटरी कमी देते, हे शिसे-आम्लाच्या बॅटरीबाबत 1897 मध्येच सूत्रात मांडले गेले होते. मराठवाड्याने ते घरात अनुभवले लोडशेडिंगच्या काळात. 2005 नंतरची काही वर्षे इन्व्हर्टर ही चैन उरली नव्हती. 150 एएच छापलेली ट्युब्युलर बॅटरी म्हणजे साडेसात अँपिअरने 20 तास चालणारी. पण 600 वॉटचा लोड टाकला की तीच बॅटरी पन्नासहून अधिक अँपिअर देत असे. जुन्या बॅटरीवर दोन पंखे आणि एक दिवा रात्रभर चालायचे. सकाळी मिक्सर लावला की व्होल्टेज साडेदहाच्या खाली जायचे आणि इन्व्हर्टर ट्रिप व्हायचा. मिक्सर काढला की व्होल्टेज परत वर. बॅटरीवाले याला साधे नाव देत: बॅटरी लोड घेत नाही. ते नुसते व्होल्टेज बघून निकाल देत नसत. लोड टेस्टर लावून काही सेकंद मोठा करंट ओढायचे आणि काटा किती खाली जातो ते गिऱ्हाइकाला दाखवायचे. आजच्या बऱ्याच सर्व्हिस रिपोर्टांपेक्षा ती तपासणी प्रामाणिक होती.

1991 मध्ये लिथियम-आयन सेल बाजारात आला तो कॅमेरे आणि फोनसाठी. तिथे ताकदीचा प्रश्न फारसा नव्हता. तो उभा राहिला मोटारीमुळे. बॅटरी ‘संपली’ कधी म्हणायचे, हे 1990 च्या दशकात अमेरिकी मोटार उत्पादकांच्या एका संघाने चाचणीसाठी लिहून ठेवले. 1996 च्या त्या नियमावलीत दोन अटी होत्या: क्षमता ठरलेल्या आकड्याच्या 80 टक्क्यांखाली गेली तर आयुष्य संपले, किंवा बॅटरी बरीच उतरलेली असताना तिची कमाल ताकद 80 टक्क्यांखाली गेली तरी संपले. यातले ‘किंवा’ महत्त्वाचे. जी अट आधी मोडेल, तीच बॅटरीचे वय ठरवणार.

पुढे हायब्रिड मोटारींवर काम सुरू झाले तेव्हा दुसरीच अट पुढे आली, कारण हायब्रिड गाडी बॅटरीतली ऊर्जा थोडीच वापरते, तिला हवा असतो काही सेकंदांचा जोर. त्या काळात सेल गरम कपाटात महिनोन्महिने ठेवून, मधूनमधून 10 सेकंदांचा मोठा लोड देऊन व्होल्टेज किती पडते ते मोजण्याची पद्धत रुळली. क्षमता फारशी न घटता अंतर्गत रोध, म्हणजे करंटला सेलच्या आतच होणारा अडथळा, कसा वाढत जातो, हे तिथे नीट दिसले.

मग वाहनांच्या वॉरंटीत फक्त पहिली अट का उतरली? कारण सोपे आणि थोडे सोयीचे आहे. क्षमता मोजायला बॅटरी पूर्ण भरायची, सावकाश रिकामी करायची आणि आकडा लिहायचा. ताकद तापमानावर, चार्जवर आणि लोड किती सेकंद आहे यावर बदलते. त्यामुळे ‘कोणत्या तापमानाला, किती चार्जवर’ हा वाद कायम राहतो. ही अडचण खरी आहे. पण तिचा भार ग्राहकावरच पडला.

सेलच्या आत दोन्ही ऱ्हासांची मुळे गुंतलेली आहेत. ऋण इलेक्ट्रोडमधल्या ग्रॅफाइटच्या कणांवर एक पातळ थर जमतो. तो लिथियम अडकवतो, म्हणून क्षमता घटते, आणि तोच थर जाड झाला की आयनांची वाट अडते, म्हणून रोध वाढतो. दुसऱ्या बाजूला धन इलेक्ट्रोडचा पृष्ठभागही बिघडतो. त्यात लिथियम फारसे खर्च होत नाही, रोध मात्र चढतो. टाकी जवळपास भरलेली, पण बोअरच्या क्षारांनी पाइप चोंदलेला, अशी ती अवस्था. बॅटरी पूर्ण भरून उन्हात उभी ठेवली की या क्रिया वेग घेतात, आणि एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात पारा 42 अंशांपलीकडे जातो.

आता सर्व्हिस सेंटर आणि मालक दोघेही खरे कसे, ते एका नमुन्यावर पाहू. आकडे हिशेबासाठी धरले आहेत. समजा पॅकमध्ये 2.5 एएचचे 336 सेल आहेत, 14 एकामागे एक आणि अशा 24 समांतर ओळी. दौलताबादच्या घाटात दोन माणसांना घेऊन मोटर साडेचार किलोवॉट मागते, म्हणजे दर सेलवर सुमारे 13.4 वॉट. चार्ज 20 टक्के, सेलचे विनालोड व्होल्टेज 3.5. नव्या सेलचा रोध 40 मिलिओहम धरला तर करंट 4 अँपिअर आणि लोडखालचे व्होल्टेज 3.34 राहते. बॅटरीवर लक्ष ठेवणारे सर्किट, म्हणजे बीएमएस, 3 व्होल्टवर पुरवठा तोडतो, म्हणजे जागा भरपूर.

तोच सेल चार उन्हाळ्यांनंतर घ्या, रोध 110 मिलिओहम. कंट्रोलरला वॉट तेवढेच हवेत, म्हणून व्होल्टेज पडले की तो करंट वाढवतो आणि वाढलेला करंट व्होल्टेज आणखी पाडतो. करंट साडेचार अँपिअरपर्यंत जातो, व्होल्टेज 3.01 वर येऊन टेकते. डिसेंबरच्या पहाटे रोध दीडपट झाला तर व्होल्टेज 2.7 च्या आसपास जाऊ पाहते आणि बीएमएस त्याआधीच तोडतो. गाडी थांबली, करंट शून्य झाला की सेल परत 3.5 कडे सरकतो आणि स्क्रीनवर पुन्हा 20 टक्के दिसतात. सपाट रस्त्यावर किलोवॉटभर लागते, तिथे हाच सेल 3.4 व्होल्टवर आरामात चालतो.

सर्व्हिस सेंटरात हा सेल अर्ध्या अँपिअरने रिकामा केला जातो. तेवढ्या करंटवर रोधामुळे होणारी घट 0.055 व्होल्ट, म्हणून 2.5 पैकी 2.1 एएच निघतात. रिपोर्टात 85 टक्क्यांच्या जवळ आकडा येतो आणि त्यात खोटे काही नसते. फरक उघडा करायचा तर तोच पॅक दोन वेगांनी उतरवावा. वेगात हरवलेले एएच सावकाशीत परत मिळाले तर दोष रोधाचा. सावकाशीतही मिळाले नाहीत तर क्षमताच गेली आहे.

ही गोष्ट सर्वसामान्यांपुढे आली 2017 च्या डिसेंबरात. एका मोठ्या फोन कंपनीने मान्य केले की बॅटरी जुनी झालेले फोन अचानक बंद पडू नयेत म्हणून ती प्रोसेसरचा वेग मुद्दाम कमी करत होती. गदारोळानंतर 2018 मध्ये सेटिंग्जमध्ये दोन वेगळ्या नोंदी आल्या, उरलेली कमाल क्षमता आणि कमाल कामगिरी देण्याची शक्ती. रोजच्या वापरातल्या वस्तूवर 1996 च्या दोन्ही अटी शेजारी-शेजारी दिसल्या.

वाहनांत ते अजून झालेले नाही. 2022 मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमात चारचाकीसाठी 5 वर्षे किंवा 1 लाख किलोमीटरला 80 टक्के आणि 8 वर्षे किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरला 70 टक्के ऊर्जा टिकावी, अशी अट आहे. ताकदीचा किमान आकडा त्यात नाही. 2023 च्या युरोपीय नियमाने हलक्या वाहनांच्या बॅटरीची उरलेली क्षमता नोंदवणे आवश्यक केले आणि उरलेल्या ताकदीपुढे तसेच रोधापुढे ‘शक्य असल्यास’ असे लिहिले.