चार बोल्ट बसले म्हणजे चाक बसले?

‘चारही बोल्ट बसले की कुठलेही अलॉय व्हील गाडीला चालते’ असा समज असतो, पण तो पुरता खरा नाही.

चाकाच्या मापातल्या ४×१०० या आकड्यातून एवढेच कळते, की चार भोके १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर आहेत. समजा, हबचा, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर चाक बसते त्याचा, मधला उंचवटा ५४.१ मिमी आणि चाकाचे मधले भोक ६०.१ मिमी आहे. बोल्ट बिनतक्रार आवळले जातील, पण भोवती ३ मिमी फट राहील आणि ती भरणारी रिंग न घातल्यास चाक केंद्रापासून किंचित सरकून वेगात स्टिअरिंग थरथरू शकते. (उलट असेल, तर चाक चढणारच नाही.) ऑफसेट, म्हणजे चाकाच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या बाजूचे मिमीमधले अंतर, ४५ ऐवजी ३५ असल्यास त्याच रुंदीचे चाक १० मिमी बाहेर येते आणि पूर्ण वळणावर टायर फेंडरला घासण्याची शक्यता वाढते. ऑफसेट बहुधा चाकावर ‘ईटी’पुढे कोरलेला असतो, मधले भोक मात्र व्हर्नियरने स्वतः मोजावे.