साहेबांच्या निवृत्तीसाठी कॉफी घेताय? आधी त्यांची बरणी बघून या

महिनाअखेर आली की इंदूरमधल्या कचेऱ्यांत निरोप समारंभ सुरू होतात, आणि आमच्या काउंटरवर दर वेळी तोच प्रश्न येतो: "आमचे साहेब फक्त इन्स्टंट पितात. त्यांना जरा चांगली कॉफी द्यायची आहे. काय देऊ?" प्रत्येकाला घाईत अर्धेच सांगून होते, म्हणून हे पत्रक छापले आहे.

सर्वांत जास्त वेळ एकाच चुकीत जातो. साहेब कोणती इन्स्टंट पितात हे न बघता दुकानातली महागडी वस्तू उचलली जाते. कुणी फ्रेंच प्रेस, म्हणजे दळलेली कॉफी गरम पाण्यात भिजवून दट्ट्याच्या जाळीने गाळायचे भांडे, नेते, कुणी फिल्टर कॉफीची पावडर. ती पावडर म्हणजे दळलेल्या बिया. ती दुधात विरघळत नाही, कपाच्या तळाशी चोथा बसतो. मग पाकीट परत येते आणि उघडलेले पाकीट आम्ही घेत नाही. कॉफीचा वास उडतो, ती दुसऱ्या ग्राहकाला देणे आम्हाला पटत नाही.

इन्स्टंट ती इन्स्टंट, असेही नसते. साहेबांच्या टेबलावरच्या बरणीच्या लेबलावर कॉफी आणि चिकोरी यांचे प्रमाण छापलेले असते. मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी असा नियम आहे, बाकीची चिकोरी असू शकते. चिकोरी म्हणजे एका झाडाचे भाजलेले मूळ. त्यात कॅफिन नसते, पण दुधाच्या कॉफीला दाटपणा, गडद रंग आणि कडवटपणा येतो तो बराचसा तिच्यामुळे. जिभेला ती चव वर्षानुवर्षे बसलेली असते.

याउलट काचेच्या सुंदर बरणीत मिळणारी दाणेदार फ्रीझ-ड्राइड कॉफी बहुधा निव्वळ कॉफीची असते. कॉफीचा अर्क गोठवून निर्वात यंत्रात त्यातला बर्फ थेट वाफ करून काढतात. फार उष्णता लागत नाही म्हणून सुगंध चांगला टिकतो, आणि म्हणूनच ती महाग असते. काळी कॉफी पिणाऱ्याला ती जरूर द्या, त्याला फरक पहिल्याच घोटात कळेल. पण जो माणूस चिकोरीची कॉफी भरपूर दुधात पितो, त्याला तीच "पातळ" आणि थोडी आंबूस लागते. तो तुम्हाला तसे सांगणार नाही, बरणी मात्र कपाटात पडून राहील.

मागे एका कचेरीतली मंडळी वर्गणी गोळा करून आली. फ्रेंच प्रेसच हवी, असे ठरवूनच आली होती. आम्ही आधी बरणीचा फोटो मागवला: कॉफी ७०, चिकोरी ३०, बारीक भुकटी. साहेब दिवसातून दोनदा घेत, दूध-साखर घालून, आणि कॉफी शिपाईदादा करून आणत. म्हणजे घरी आता ती स्वतः करायची. तेव्हा त्याच प्रमाणाच्या चांगल्या मिश्रणाच्या ५० ग्रॅमच्या तीन बरण्या दिल्या, बदल म्हणून निव्वळ कॉफीची एक छोटी बरणी, बॅटरीवर चालणारा दूध फेसाळायचा फ्रॉदर आणि झाकणाचा एक मोठा मग. हे सगळे फ्रेंच प्रेसपेक्षा स्वस्तात बसले. उरलेल्या पैशांत त्यांनी शाल घेतली.

तीन छोट्या बरण्या कशाला, एक मोठी का नाही, असे बरेच जण विचारतात. कपाला साधारण दोन ग्रॅम धरले तर ५० ग्रॅममध्ये पंचवीसेक कप होतात. दिवसाला दोन कप म्हणजे बारा-तेरा दिवसांत बरणी संपते. इन्स्टंट कॉफी हवेतली ओल पटकन ओढते. जूनअखेरीच्या निवृत्तीला तर पाऊस सुरूच असतो. मोठी बरणी रोज उघडली, एकदा ओला चमचा आत गेला, की भुकटी चिकट होऊन तिचे ढेकूळ बनते. छोट्या बरण्या एकेक करून फोडल्या की शेवटचा कपही पहिल्यासारखाच लागतो. वेष्टन करण्याआधी पॅकिंगची तारीख आम्ही तुम्हाला दाखवतो, तुम्हीही बघून घ्या.

आम्ही विक्रीआधी चार प्रश्न विचारतो, त्याचा काहींना कंटाळा येतो. पण दूध किती, साखर किती, कप दिवसातून किती आणि झोपेची तक्रार आहे का, एवढे कळले तरच योग्य बरणी हाती देता येते. रात्री कॉफी पिऊन झोप न येणाऱ्यांसाठी डीकॅफ इन्स्टंटही आमच्याकडे असते. त्यात कॅफिन अगदी थोडे उरते, पूर्ण शून्य होत नाही.

येताना बरणीच्या दोन्ही बाजूंचा फोटो आणा आणि समारंभाच्या निदान दोन दिवस आधी या. महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी गर्दी असते, वेष्टनाला वेळ लागतो. मन ठरत नसेल तर सांगा, दोन्ही कॉफ्या साहेब पितात तशाच दुधात करून काउंटरवर चाखायला देऊ. त्याचे पैसे घेत नाही.