आरती जुनी, पण रेकॉर्डिंग?

"आरती तर शेकडो वर्षं जुनी आहे, जाहिरातीत वाजवली तर कॉपीराइट कसला?"

अर्धं खरं आहे हे, म्हणूनच फसायला होतं. समजा इतवारीतल्या मिठाईवाल्या भाऊंनी मोदकाच्या रीलला कॅसेटवरची आरती लावली. शब्द जुने, त्यांच्यावर कोणाचा हक्क नाही, पण चाल कोणी नवीन बांधली असेल तर ती त्या संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं सुरक्षित राहते, अन् रेकॉर्डिंग वेगळंच, ते ज्या साली आलं त्याच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं कंपनीचं. म्हणजे 1975 चं रेकॉर्डिंग 2035 संपेपर्यंत. दहाच सेकंद वाजवलं म्हणून सुटका नाही, कायद्यात सेकंदांची अशी सूटच नाही.

बघायचं कसं? कॅसेटच्या कव्हरवर किंवा व्हिडिओखाली ℗ अन् साल दिसतं, त्याच्यापुढचं नाव म्हणजे साधारण मालक, लेखी परवानगी त्याच्याकडूनच घ्यायची, अन् चाल नवी असेल तर तिच्या हक्काचं पण तिथंच विचारून घ्या. नाहीतर सरळ मोहल्ल्यातल्या भजन मंडळाकडून तेच जुने शब्द पारंपरिक चालीत गाऊन घ्या, रेकॉर्ड करा अन् जाहिरातीत वापरू द्यायचं त्यांच्याकडून लिहून घ्या (हे लिहून घ्यायचंच लोक विसरतात).